रात्री वाढणारी खाज घरात सगळ्यांनाच सुटली, तर ती खरूज की इसब की अ‍ॅलर्जी?

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या दवाखान्यांत एक तक्रार सारखी ऐकू येते. दिवसभर फारसं काही नसतं, पण अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुटते. पोटावर, कमरेला, बोटांच्या बेचक्यांत. रात्री दोन-तीनदा झोपमोड होते, सकाळी अंगावर ओरखडे दिसतात. बोलता बोलता कळतं की धाकट्या मुलीलाही खाज आहे आणि तिच्या आईलाही थोडी सुरू झाली आहे. घरात मात्र प्रत्येकाचं वेगळं निदान ठरलेलं असतं. एक म्हणतो साबण बदलला म्हणून, दुसरा म्हणतो पाणी खराब आलं म्हणून, आजी म्हणते अंगात उष्णता आहे.

यात तीन आजारांची गल्लत होते: खरूज, इसब आणि अ‍ॅलर्जीचं पुरळ. गल्लत होणं स्वाभाविक आहे, कारण तिन्हींत खाज असते, तिन्हींत लाल पुळ्या दिसतात आणि खाजवून खाजवून चार दिवसांत तिन्हींचं रूप सारखंच होतं. उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. इसबावरचं क्रीम खरजेवर लावलं तर खरूज दबते आणि आतल्या आत पसरते. खरजेचं औषध इसबावर लावलं तर आधीच सोलवटलेली कातडी आणखी चुरचुरते. म्हणून घरात एकापेक्षा जास्त जणांना खाज असेल, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी थोडी चौकशी आपली आपणच करून बघावी.

## खरूज म्हणजे नेमकं काय

खरूज हा अस्वच्छतेचा आजार नाही आणि रक्त बिघडल्याचाही नाही. गोचिडीच्या कुळातला, आठ पायांचा, अगदी बारीक जीव कातडीत राहायला आल्यामुळे ती होते. याला माइट म्हणतात. मादी जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर लांब असते, म्हणजे सुईच्या टोकाएवढी. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही म्हटलं तरी चालेल.

ही मादी कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात बीळ करते. त्या बिळात पुढे सरकत ती रोज दोन-तीन अंडी घालते आणि हे काम महिना-दीड महिना चालतं. तीन-चार दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर येतं आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत मोठं होऊन स्वतःची अंडी घालायला तयार होतं. हे आकडे लक्षात ठेवा. औषध दोनदा का लावायचं, याचं उत्तर त्यांतच आहे.

आश्चर्य वाटेल, पण साध्या खरजेत माणसाच्या अख्ख्या अंगावर असे प्रौढ माइट सरासरी दहा-पंधराच असतात. अंडी भरपूर पडतात, पण त्यांतली दहातली नऊ मोठी होण्याआधीच संपतात, काही खाजवण्यानं तर काही शरीराच्या प्रतिकारानं. मग दहा-पंधरा सूक्ष्म जीवांनी माणूस रात्रभर तळमळतो कसा? कारण खाज त्यांच्या चावण्याची नसते. माइटचं शरीर, त्याची लाळ, त्याची विष्ठा आणि अंडी यांची आपल्या शरीराला अ‍ॅलर्जी येते आणि तिची खाज सगळ्या अंगाला सुटते. म्हणूनच जिथे पुळ्या दिसतात तिथेच माइट असेल असं नाही. पोटावर पन्नास पुळ्या असतील आणि माइट बसला असेल मनगटाला.

## खाज उशिरा का सुरू होते

ही अ‍ॅलर्जी तयार व्हायला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदाच खरूज होत असेल, तर माइट अंगावर आल्यापासून खाज सुटेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही, पण त्याच्याकडून दुसऱ्याला खरूज होऊ शकते. ज्याला आधी कधी खरूज होऊन गेली आहे, त्याचं शरीर माइटला ओळखतं. त्याला पुन्हा लागण झाली, तर खाज एक ते चार दिवसांतच सुरू होते.

घरात सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून एक घर डोळ्यासमोर आणू. परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. राहणारी माणसं पाच: आजी, आई, बाबा, अकरा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगा मामाकडे गावी गेला. तिथे पाच-सहा मावस-मामे भावंडं एकाच सतरंजीवर, एकाच गोधडीत झोपत होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो परत आला, तेव्हा ठणठणीत होता.

जूनभर तो बहिणीशेजारी झोपला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याची खाज सुरू झाली. गावाहून येऊन तोवर सहा आठवडे होत आले होते, त्यामुळे गावाचा आणि खाजेचा संबंध कोणाच्याच डोक्यात आला नाही. त्याच आठवड्यात आईनं नवीन साबण आणला होता, तो दोषी ठरला. साबण बदलला, खाज तशीच. जुलैच्या अखेरीस बहीण आणि आई खाजवायला लागल्या, ऑगस्टच्या सुरुवातीला आजी. बाबांना काहीच नाही. ते रात्रपाळी करतात आणि दिवसा त्याच गादीवर झोपतात.

हा क्रम नीट बघा. साबणाची किंवा खाण्याची अ‍ॅलर्जी घरातल्या चौघांना अशी तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं गाठत नाही. एकच मासळी खाऊन दोघांना पित्त उठलं, तर ते त्याच दिवशी उठेल. इसब तर संसर्गजन्यच नाही. इसबाची प्रवृत्ती एका घरात चालत येते हे खरं, पण म्हणून आजी, सून आणि नात यांना एकाच मोसमात ते नव्यानं सुरू होत नाही. एकामागून एक, आठवड्यांच्या अंतरानं आणि एकत्र झोपणाऱ्यांतच पसरणारी खाज दिसली, की पहिला संशय खरजेचाच घ्यावा.

## रात्रीच का

अंथरुणात अंग गरम होतं आणि ऊब मिळाली की माइट जास्त हालचाल करतो. शिवाय दिवसा कामाच्या धबडग्यात मेंदू जी खाज बाजूला सारतो, ती रात्रीच्या शांततेत पुढे येते. शरीरातलं दाह आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही रात्री कमी झालेलं असतं.

यातली शेवटची दोन कारणं मात्र इसबालाही लागू पडतात. इसबाचा रुग्णही रात्री जास्त खाजवतो. त्यामुळे नुसत्या ‘रात्री वाढते’ या लक्षणावरून खरूज ठरवू नये. रात्री वाढते, घरात आणखी कोणाला आहे आणि पुळ्या ठरावीक जागी आहेत, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर संशय बळकट होतो.

## जागा बघा, मग पुळ्या बघा

दिव्याखाली बसून पुढच्या जागा एकेक करून तपासा: हाताच्या बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपराचं टोक, काखेची पुढची कड, बेंबीभोवती, नाडी किंवा इलॅस्टिक बसतं ती कमर, नितंबांचा खालचा भाग. बायकांत स्तनाग्रांभोवती, पुरुषांत लिंगावर आणि अंडकोषावर. या शेवटच्या जागा रुग्ण लाजेनं सांगत नाहीत आणि डॉक्टर घाईत बघत नाहीत. पुरुषाच्या लिंगावर खाजणाऱ्या गाठीसारख्या पुळ्या असतील आणि बेचक्यांतही खाज असेल, तर निदान जवळजवळ झालंच.

मोठ्या माणसांत चेहरा आणि डोकं बहुतेक वेळा सुटतं. तान्ह्या बाळांत तसं नसतं. त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावर आणि चेहऱ्यावरही पुळ्या येतात, कधी त्यांत पू धरतो. बाळाच्या तळपायावर बारीक फोड आणि आईच्या मनगटावर खाज, ही जोडी दिसली की डॉक्टरांना फार विचारावं लागत नाही.

आता बीळ शोधा. मनगटावर किंवा बोटाच्या कडेला, पाच ते दहा मिलिमीटर लांबीची, नागमोडी, राखाडी रेघ असते. पेन्सिलीनं हलकेच ओढल्यासारखी. तिच्या एका टोकाला बारीकसा ठिपका दिसतो, मादी तिथे असते. रेघ दिसत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. संशय असलेल्या जागी फाउंटन पेनची शाई लावायची, मिनिटभर थांबायचं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. वरची शाई निघून जाते, बिळात शिरलेली राहते आणि वेडीवाकडी रेघ उमटते. रेघ उमटली तर खरूज जवळपास नक्की. नाही उमटली तरी खरूज नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण खाजवून बिळं फुटून गेलेली असतात. त्वचारोगतज्ज्ञ हेच काम डर्मोस्कोप नावाच्या भिंगानं करतात, किंवा कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली माइट, अंडं किंवा विष्ठा शोधतात.

## इसब कसं वेगळं दिसतं

इसबाची बैठक वेगळी असते. कोपराच्या आतल्या खळग्यात, गुडघ्यामागच्या लवणीत, मानेवर. तान्ह्या बाळांत गालांवर. तिथली कातडी आधी कोरडी आणि खरखरीत होते, मग लाल, आणि वर्षानुवर्षं खाजवून जाड आणि काळपट. सुट्या सुट्या पुळ्यांऐवजी अख्खा चट्टा दिसतो.

त्याहून महत्त्वाचा असतो इतिहास. इसबाचा रुग्ण सहसा सांगतो की हे लहानपणापासून आहे, मध्ये बरं होतं, पुन्हा उसळतं. त्याला स्वतःला किंवा घरात कोणाला दमा असतो, सकाळी उठल्याबरोबर सटासट शिंका येत असतात. चाळिशीपर्यंत कातडीचा काहीही त्रास नसलेल्या माणसाला जुलैत अचानक अंगभर ‘इसब’ सुरू झालं, तर त्या निदानावर लगेच विश्वास ठेवू नये.

अडचण अशी की एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. आधीपासून इसब असलेल्या मुलाला खरूज झाली, की घरचे ‘त्याचं नेहमीचंच उसळलंय’ म्हणून जुनंच मलम लावत राहतात. नेहमीच्या मलमानं दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा चट्टे नेहमीच्या जागा सोडून बेचक्यांत आणि कमरेवर आले, तर पुन्हा तपासणी हवी.

## आणि अ‍ॅलर्जीचं पुरळ

अ‍ॅलर्जी या एका शब्दाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिली म्हणजे अंगावर पित्त उठणं, गांधी येणं. फुगीर, गुलाबी, मधमाशी चावल्यासारख्या गांधी. त्यांची खूण सोपी आहे. एका गांधीभोवती बॉलपेननं रेघ काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पित्ताची गांध चोवीस तासांत तिथून नाहीशी होते, दुसरीकडे नवी उठते आणि जुन्या जागी डागही राहत नाही. खरजेची पुळी जागची हलत नाही.

दुसरी म्हणजे स्पर्शाची अ‍ॅलर्जी. इथे पुरळाचा आकारच कारण सांगतो. टिकलीच्या गोंदानं कपाळावर गोल चट्टा, पट्ट्याच्या बकलानं बेंबीखाली चौकोनी, रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पावलावर इंग्रजी व्ही. धोब्यानं बिब्ब्यानं खूण केलेल्या कपड्यामुळे मानेमागे किंवा कमरेला नेमका तेवढाच डाग उठतो. जिथे वस्तू लागली तिथे पुरळ, बाकी अंग स्वच्छ. घरात दुसऱ्याला होत नाही, कारण तो बकल दुसरा कोणी लावत नाही.

मुंबईत आणखी दोन गोष्टी वगळाव्या लागतात. गजकर्णही घरात पसरतं आणि पावसाळ्यात बोकाळतं, पण त्याची कड उठावदार आणि गोलाकार असते, मधली कातडी साफ होत जाते. ढेकूण उघड्या अंगावर, हातापायांवर, बऱ्याचदा तीन-चार चावे एका रांगेत ठेवतात आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके सापडतात.

## ‘पण त्या मलमानं तर दोन दिवसांत बरं वाटलं होतं!’

या वाक्यानं बरीच घरं महिनोन्‌महिने अडकतात. चाळीतल्या त्या मुलाला दुकानातून एक ट्यूब मिळाली होती. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं. स्टेरॉइड म्हणजे दाह दाबणारं औषध. खाज अ‍ॅलर्जीची असल्यामुळे स्टेरॉइडनं ती खरोखरच कमी होते. माइट मात्र जिवंतच राहतो, उलट शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे त्याचं फावतं. पुळ्यांचं ठरलेलं रूपही पुसलं जातं, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळखणं कठीण जातं. मलम थांबवलं की आठवड्यात खाज दुपटीनं परत येते.

इसबात हेच स्टेरॉइड योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस वापरलं तर उपयोगी असतं. म्हणून निदान आधी, ट्यूब नंतर. डॉक्टरांकडे जाताना आधी लावलेल्या प्रत्येक ट्यूबचं नाव सांगा, रिकामी ट्यूबच बरोबर न्या.

## उपचार: एक रात्र, सगळं घर

खरजेचं नेहमीचं औषध म्हणजे पाच टक्के परमेथ्रिन क्रीम. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यावं. औषध चांगलं आहे, पण लावण्यात इतक्या चुका होतात की लोक औषधालाच दोष देतात. त्या घरात हे नीट कसं करायचं ते बघू.

आधी हिशोब. बारा वर्षांवरच्या माणसाला एका वेळी साधारण तीस ग्रॅम लागतं, म्हणजे एक पूर्ण ट्यूब. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धी, एक ते पाच वर्षांच्या मुलाला पाव. आजी, आई, बाबा मिळून नव्वद ग्रॅम, मुलाला पंधरा, मुलीला साडेसात. एका रात्रीला एकशे साडेबारा ग्रॅम झाले, म्हणजे तीस ग्रॅमच्या चार ट्यूब. आठवड्यानं पुन्हा चार. एकूण आठ. प्रत्यक्षात घरी येते एक ट्यूब आणि ती ज्याला खाज आहे त्याच्या पुळ्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी लावली जाते. हा उपचार फसणारच. महापालिकेच्या दवाखान्यात घरातल्या सगळ्यांचे केसपेपर एकदमच काढले, तर प्रत्येकाच्या नावावर औषध मागता येतं.

वेळ रात्रीची धरा. क्रीम आठ ते चौदा तास अंगावर राहायला हवं. बऱ्याच चाळींत पाणी पहाटे किंवा सकाळी येतं, त्यामुळे रात्री नऊ-दहाला लावून सकाळी सात-आठला धुणं सोयीचं पडतं. जेवणं, भांडी, ओटा सगळं उरकून मगच लावा, कारण हात धुतला की हातावरचं औषध जातं, आणि माइटची आवडती जागा तर हातच आहे. बाबांनी त्या रात्रीची सुट्टी घ्यावी. लावण्याआधी गरम पाण्याची आंघोळ नको. अंग कोरडं आणि गार असावं.

हनुवटीखालून पायाच्या बोटांपर्यंत, एकही जागा न सोडता क्रीम पसरवायचं. पुळी नसलेल्या जागीही. कानामागे, बेंबीत, काखेत, जांघेत, नितंबांच्या मधल्या फटीत, बोटांच्या बेचक्यांत, तळपायावर. पाठ दुसऱ्याकडून लावून घ्या. नखं आधी कापा आणि नखांखाली जुन्या मऊ ब्रशनं क्रीम घाला. खाजवताना माइट आणि अंडी तिथे अडकतात. लहान मुलीच्या आणि आजीच्या बाबतीत चेहरा, कान आणि डोकंही घ्यायचं, डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. मुलगी बोटं तोंडात घालते, म्हणून तिला हातमोजे किंवा पायमोजे हातांत घालून झोपवा. रात्री कोणी हात धुतले किंवा बाळाचं ढुंगण धुतलं, तर तिथे लगेच पुन्हा लावा.

सातव्या दिवशी हेच सगळं पुन्हा. अंडी औषधातून वाचू शकतात. पण सात दिवसांत त्या सगळ्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आलेली असतात आणि त्यांतलं एकही अजून अंडी घालण्याइतकं मोठं झालेलं नसतं. नेमकी ही फट साधायची असते. दुसरी फेरी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडली, तर महिन्याभरात पहिल्यापासून सुरुवात होते.

आयव्हरमेक्टिन नावाच्या गोळ्याही असतात. त्यांचा डोस वजनावर ठरतो, किलोला दोनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला बारा मिलिग्रॅम, आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढाच. पंधरा किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत. दोन महिन्यांखालच्या बाळाला परमेथ्रिनही स्वतःहून लावू नये; डॉक्टर त्यासाठी गंधकाचं मलम देतात.

## ‘बाबांना खाजच नाही, मग त्यांनी कशाला लावायचं?’

कारण त्यांची खाज अजून वाटेवर असू शकते. समजा बाबांना जुलैच्या शेवटी लागण झाली, तर खाज सप्टेंबरमध्ये सुटेल. ऑगस्टमध्ये चौघांनी उपचार केले आणि बाबा सुटले, तर बाबांकडून मुलीला पुन्हा लागण होईल. या वेळी तिचं शरीर माइटला ओळखत असल्यामुळे दोन-तीन दिवसांतच खाज सुटेल आणि घरचे म्हणतील, औषध लागूच पडलं नाही.

गावी मामाकडेही फोन करायला हवा. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत तीच गोधडी पुन्हा वाट बघत असेल. ‘तुमच्याकडून आली’ असं म्हणायची गरज नाही, कारण कोणाकडून कोणाकडे गेली हे सहा आठवड्यांनंतर कोणालाच सांगता येत नाही. ‘आमच्याकडे निघाली आहे, तुमच्या मुलांच्या बोटांच्या बेचक्या बघा’ एवढं पुरतं.

## ‘पावसात गाद्या-चादरी धुवायच्या कशा?’

इथे थोडा दिलासा आहे. खरूज मुख्यतः कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्यानं पसरते: एकत्र झोपणं, मूल कडेवर घेणं, शरीरसंबंध. लोकलच्या गर्दीत दोन मिनिटं हात घासला गेला म्हणून सहसा होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञानं इंग्लंडमध्ये शेफील्डला स्वयंसेवकांवर प्रयोग केले होते. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली ब्लँकेटं आणि आतले कपडे त्यांनी वापरले, तरी फारच थोड्यांना लागण झाली. माणसाच्या अंगाबाहेर माइट दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

त्यामुळे सगळं घर उकळत बसू नका. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल एवढंच घ्या. जे गरम पाण्यात धुऊन वाळवता येईल ते धुवा आणि इस्त्री करा. बाकीचं, म्हणजे गोधडी, जाड चादर, मुलीची कापडी बाहुली, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि चार दिवस कपाटावर ठेवून द्या. माइट उपाशी मरतो. जुलै-ऑगस्टमध्ये चादर तीन दिवस वाळत नाही अशा घरांत पिशवीच जास्त भरवशाची. गादीवर किटकनाशक फवारू नका, त्यानं काही साधत नाही आणि बंद खोलीत श्वासाला त्रास होतो. रॉकेल किंवा पाणी न मिसळलेलं जंतुनाशक अंगावर चोळणंही तसंच घातक आहे. त्यानं कातडी भाजते आणि मग खरूज कुठली, भाजलेलं कुठलं, हे कळेनासं होतं.

## ‘दोनदा लावलं, तरी खाज आहेच’

मिरचीचा ठसका गॅस बंद केल्याबरोबर जात नाही, घरात भरलेला धूर निघून जाईपर्यंत राहतो. तसंच इथे. माइट मेले तरी त्यांची शरीरं आणि विष्ठा कातडीच्या वरच्या थरात असतात. तो थर झडून जाईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, खाज राहू शकते. ती रोज थोडी थोडी उतरत जायला हवी. या काळात परमेथ्रिन पुन्हा पुन्हा लावू नका, कातडी कोरडी होऊन त्याचीच खाज सुटते. साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर रात्री खाजेची गोळी घ्या. काखेतल्या आणि लिंगावरच्या गाठी काही महिनेही रेंगाळतात. त्या राहिल्या म्हणजे माइट जिवंत आहे असं नव्हे.

चार आठवड्यांनंतरही खाज तशीच असेल किंवा मध्येच बेचक्यांत, मनगटावर नवी बिळं दिसली, तर परत जा. तेव्हा तीन शक्यता तपासतात: लावण्यात काही राहिलं, कोणाकडून तरी पुन्हा लागण झाली, किंवा औषधच कमी पडलं. परमेथ्रिन पूर्वीइतकं लागू पडत नसल्याच्या नोंदी अलीकडे वाढल्या आहेत. अशा वेळी औषध बदलतात किंवा जोडीला गोळ्या देतात.

## थांबू नये असं कधी

पुळ्यांत पू धरला, मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या किंवा ताप आला, तर खाजवलेल्या जागी जंतूंचा संसर्ग झाला आहे. यातले काही जंतू पुढे मूत्रपिंडावर परिणाम करतात. खरजेच्या फोडांनंतर मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दुसरी गोष्ट फारच सहज नजरेतून निसटते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाच्या हातापायांवर जाड, पांढुरक्या, भुसा सुटणाऱ्या खपल्या जमल्या असतील आणि त्याला खाज फारशी नसेल, तर ती खपलीची खरूज असू शकते. हिच्यात दहा-पंधरा नाही, हजारो ते लाखो माइट असतात. इथे मात्र चादरी, खुर्ची, झडलेला भुसा यांतूनही लागण होते आणि उपचार रुग्णालयाच्या देखरेखीखालीच करावे लागतात. घरात सगळ्यांना वारंवार खरूज होत असेल आणि मूळ सापडत नसेल, तर कोपऱ्यात खाटेवर असलेल्या आजोबांचे हात-पाय एकदा बघा.

मुलांच्या शाळेचं विचाराल, तर पहिल्या रात्रीचं क्रीम सकाळी धुतलं की मूल त्याच दिवशी शाळेत जाऊ शकतं. वर्गशिक्षिकेला मात्र सांगून ठेवा, म्हणजे त्याच बाकावरच्या मुलाच्या घरीही कोणी बेचक्या बघेल.